बोअरची मोटार वॉरंटीत जळाली: डीलरला लिहायच्या पत्रात काय असावे

प्रश्न: मोहोळ तालुक्यात माझी डाळिंबाची बाग आहे. नोव्हेंबरात सोलापुरातल्या डीलरकडून साडेसात एचपीची बोअरची मोटार घेतली, ती चार महिन्यांत जळाली. डीलर म्हणतो, तुमच्याकडची लाईट खराब, दोन फेजवर चालली असणार, वॉरंटी बसत नाही. तरी मोटार आणून टाका, बघू. गावातला वायंडिंगवाला म्हणतो, उघडून बघू काय झालंय. मोटार बदलून मिळावी म्हणून डीलरला पत्र कसे लिहू?

उत्तर: सर्वांत आधी, मोटार उघडू देऊ नका. वायंडिंगवाला चांगल्या मनाने सांगत असेल आणि त्याचे निदानही बरोबर निघेल, पण कारखान्याचे सील आणि नटांवरचा रंग एकदा हलला की पुढे काहीही सिद्ध करता येत नाही. मी सोलापूर जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षे बोअरच्या मोटारी सोडण्याचे, काढण्याचे आणि वायंडिंगचे काम करतो. त्यातली सहा वर्षे एका सेवा केंद्रात वॉरंटीत आलेल्या मोटारी उघडून अहवाल लिहीत होतो. तिथे मोटार टेबलावर आली की मी आधी नट बघत असे आणि नंतर वायंडिंग. नट हललेले असले की पुढच्या तपासणीला अर्थ राहत नसे, कारण आतली जळ मूळची की नंतर कोणी केलेली, हे मग कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

त्याच टेबलावर शेतकऱ्यांची पत्रेही मोटारीसोबत येत असत. बहुतेक पत्रांत बागेचे नुकसान, कर्जाचा बोजा आणि केस करण्याचा इशारा असे. हे सगळे खरे असले तरी मोटार का जळाली या प्रश्नाचे उत्तर त्यात नसे, आणि वॉरंटीचा निर्णय एवढ्या एकाच प्रश्नावर होतो. डीलर किंवा कंपनी नकार देते तेव्हा बहुधा तीन कारणांपैकी एक सांगते: मोटार दोन फेजवर चालली, मोटारीवर जादा भार आला किंवा व्होल्टेज कमी होते, अथवा बोअरमध्ये पाणी नसताना मोटार कोरडी चालली. पत्राने ही तिन्ही कारणे मोजमापे देऊन आधीच निकाली काढली पाहिजेत. मोजमापे नसलेले पत्र कितीही कळकळीने लिहिले तरी त्याला उत्तर म्हणून “तपासून कळवतो” एवढेच येते.

या प्रत्येक कारणाची खूण वायंडिंगवर वेगळी उमटते. बोअरच्या तीन तारांच्या बऱ्याच मोटारींचे वायंडिंग आत स्टार जोडणीचे असते. तशा मोटारीला एक फेज मिळाला नाही तर त्या फेजचे वायंडिंग रिकामे बसते आणि उरलेली दोन जादा करंट ओढून काळी पडतात. म्हणजे दोन काळी आणि एक कोरे, ही दोन फेजवर चाललेल्या मोटारीची ओळख आहे. जादा भाराने किंवा कमी व्होल्टेजने जळालेल्या मोटारीत तिन्ही वायंडिंग सारखीच करपलेली दिसतात. एकाच फेजमध्ये, एकाच जागी, स्लॉटच्या तोंडाशी किंवा वळणाच्या कडेला वायरचे आवरण फुटून जळ झालेली असेल आणि बाकीचे वायंडिंग नव्यासारखे असेल, तर संशय वायरच्या आवरणाकडे किंवा कारखान्यात वायर भरताना झालेल्या इजेकडे जातो. वीज कोसळून किंवा लाईनवर अचानक मोठा दाब येऊनही अशी एका जागची जळ होऊ शकते. म्हणून ज्या दिवशी मोटार गेली त्या दिवशी पाऊस-विजा होत्या की नव्हत्या, हेही पत्रात एका वाक्यात सांगावे.

आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की या खुणांचा बराचसा अंदाज मोटार न उघडता, बाहेर आलेल्या तीन तारांवर मोजून घेता येतो. तो कसा घ्यायचा आणि पत्रात कसा मांडायचा, हे एका खऱ्या प्रकरणावरून सांगतो. त्यातली परिस्थिती आपल्याशी बरीच जुळते.

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांनी ११ नोव्हेंबर २०२२ रोजी साडेसात एचपीचा सहा इंची पंपसंच घेतला. बोअर ४०० फुटांचे होते आणि पंप ३४० फुटांवर सोडला होता. ६ मार्च २०२३ च्या सकाळी थ्री फेज लाईट आल्यावर मोटार सुरू केली, तेव्हा ती क्षणभर गुरगुरली, पॅनेलमधला मधल्या फेजचा फ्यूज उडाला आणि एखादा फेज गेला तर मोटार बंद करणाऱ्या प्रिव्हेंटरने स्टार्टर पाडला. त्यांनी डीलरला फोन केला. उडालेला फ्यूज ऐकताच डीलर म्हणाला, “म्हणजे दोन फेजवर चालली, वॉरंटीत बसत नाही.” बागायतदार खचले आणि त्यांनी मला बोलावले.

मी गेल्यावर पहिल्यांदा पॅनेल जसे होते तसे फोटोत घेतले: ओव्हरलोड रिलेची चकती कोणत्या आकड्यावर आहे, प्रिव्हेंटर जोडलेला आहे की बायपास केलेला, कोणता फ्यूज उडाला आहे. हे फोटो मोटार वर काढण्याआधी घ्यावे लागतात, कारण नंतर कोणीतरी फ्यूज बदलतो, कोणीतरी रिले फिरवून बघतो. मग मोटार वर काढली. काढताना पंपाच्या वरच्या केबल जोडापाशी केबल कापली आणि मोटार केबलपासून वेगळी केली. ही पायरी कधीही चुकवू नये. वरून पॅनेलमध्ये मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजणारे मीटर, लावला आणि शून्य दाखवले, म्हणून मोटार जळाली असे ठरवणारे अनेक जण मी पाहिले आहेत. त्यातल्या काही वेळा मोटार ठणठणीत असते आणि पाणी शिरलेले असते ते केबलच्या जोडात. जोड कोणी केला त्यावर त्याची जबाबदारी ठरते. कंपनीकडून त्यासाठी मोटार बदलून मागता येत नाही.

केबल वेगळी केल्यावर ५०० व्होल्टचा मेगर मोटारीच्या तारा आणि बॉडी यांच्यात लावला. शून्य आले, म्हणजे वायंडिंग खरोखरच बॉडीला लागले होते. पण स्टार जोडणीत तिन्ही वायंडिंग आत एकमेकांना जोडलेली असल्याने मेगर कोणत्याही तारेवर लावला तरी शून्यच येते. कोणते वायंडिंग गेले हे मेगर सांगत नाही. त्यासाठी तारांच्या जोड्यांमधला रोध मोजावा लागतो. हे आकडे एक-दोन ओहमचे असल्याने साध्या मल्टिमीटरवर भरवसा ठेवता येत नाही. कमी ओहम मोजणारे मीटर लागते. चांगल्या वायंडिंगवाल्याकडे ते मिळेल. तीन फेजच्या तारांना आर, वाय आणि बी म्हणतात. आम्हाला आर आणि बी या तारांमध्ये २.० ओहम, आर आणि वाय मध्ये १.४ आणि वाय आणि बी मध्येही १.४ ओहम मिळाले. धडधाकट मोटारीत हे तिन्ही आकडे सारखे येतात.

आता हे आकडे वाचून पाहू. स्टार जोडणीत दोन तारांमधला रोध म्हणजे दोन वायंडिंगची बेरीज. आर आणि बी मिळून २.० आहेत आणि वायशी दोघांचीही बेरीज सारखीच येते, म्हणून आर १.० आणि बी १.० धरता येतात. त्यावरून वाय ०.४ निघतो, म्हणजे वाय वायंडिंगचा बराच भाग आतल्या आत शॉर्ट झालेला आहे. इथे उडालेल्या फ्यूजचा खरा अर्थ उलगडला. तो फ्यूज वाय फेजचाच होता. फ्यूज आधी उडून मोटार दोन फेजवर चालली असती, तर वायला करंटच मिळाला नसता. वाय कोरा राहिला असता आणि आर व बी जळाले असते. इथे बरोबर उलटे होते. म्हणजे वाय वायंडिंग आधी फुटले आणि त्यामुळे वायचा फ्यूज उडाला. डीलरने परिणामाला कारण समजले होते. पत्राचा सगळा भर आम्ही या एकाच मुद्द्यावर ठेवला.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. आपली मोटार आत डेल्टा जोडणीची असेल, तर दोन फेजवर चालल्यावर प्रामुख्याने एकच वायंडिंग जळते. मग “एकच वायंडिंग गेले आहे” एवढ्यावरून दोन फेजचा आरोप खोडता येत नाही. जोडणी नेमप्लेटवर किंवा कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेली असते. ती पाहिल्याशिवाय वरचा युक्तिवाद पत्रात उतरवू नका. सहा तारा बाहेर आलेल्या मोटारीत प्रत्येक वायंडिंग वेगळे मोजता येते, त्यामुळे तिथे कोणते गेले हे शोधणे सोपे असते, पण अर्थ लावताना पॅनेल ती कोणत्या जोडणीत चालवते हे पाहावेच लागते.

बाकीच्या दोन कारणांसाठी फार खटाटोप लागला नाही. रिले १५ अँपिअरवर होती आणि नेमप्लेटवरचा करंटही १५ होता. बागायतदारांच्या फवारणीच्या वहीत अधूनमधून अँमीटर आणि व्होल्टमीटरचे आकडे लिहिलेले होते, तारखांसह. ही सवय त्यांच्या फार कामी आली. पाण्याच्या बाबतीत, मोटार काढल्यावर दोरीला वजन बांधून बोअर मोजले, तेव्हा पाणी २१० फुटांवर लागले. पंपावर १३० फूट पाणी उभे होते, पण हे स्थिर पातळीचे माप आहे. उपसा चालू असताना पातळी आणखी खाली जाते, हे कंपनीचा माणूस लगेच सांगेल. म्हणून जाळी काढून कपलिंग हाताने फिरवून पाहिले. ते मोकळे फिरत होते. कोरड्या चाललेल्या पंपाचे बुश आणि इंपेलर घासून किंवा वितळून पंप बहुधा जड फिरतो. ही दोन निरीक्षणे एकत्र आल्यावर कोरडे चालल्याच्या आक्षेपात फार जोर राहिला नाही.

यानंतर लिहिलेले पत्र खाली देतो. नावे आणि क्रमांक काढले आहेत, बाकी मजकूर गेला तसाच आहे.

दिनांक १० मार्च २०२३

प्रति,
मालक, ………, सोलापूर

विषय: पंपसंच मॉडेल ………, मोटार क्रमांक ………, बिल क्रमांक ………, दिनांक ११ नोव्हेंबर २०२२, वॉरंटी मुदतीत मोटार नादुरुस्त झाल्याने ती बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

वरील बिलाने मी आपल्याकडून साडेसात एचपीचा पंपसंच खरेदी केला आहे. वॉरंटी कार्डाप्रमाणे त्याची मुदत बिलाच्या तारखेपासून बारा महिने आहे. पंपसंच दिनांक १४ नोव्हेंबर २०२२ रोजी आपण पाठवलेल्या मिस्त्रींनी ३४० फुटांवर सोडला. त्या वेळी त्यांनी मोटारीत स्वच्छ पाणी भरले आणि पॅनेलची जोडणी केली.

दिनांक ६ मार्च २०२३ रोजी सकाळी सुरू करताच मोटार बंद पडली, पॅनेलमधील वाय फेजचा फ्यूज उडाला आणि प्रिव्हेंटर कार्यान्वित झाला. त्या दिवशी व आदल्या दिवशी परिसरात पाऊस किंवा विजा नव्हत्या. त्याच दिवशी दूरध्वनीवर मी आपणास हे कळवले आणि मोटार काढताना आपला माणूस पाठवण्याची विनंती केली. आपला माणूस येऊ न शकल्याने दिनांक ८ मार्च रोजी दोन शेजाऱ्यांसमक्ष मोटार काढली. मोटार उघडलेली नाही. तिची सीले व नटांवरील रंग अबाधित आहेत. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

केबल वेगळी करून घेतलेली मोजमापे अशी आहेत. ५०० व्होल्टच्या मेगरवर वायंडिंग व बॉडी यांतील इन्सुलेशन शून्य आहे. तारांमधील रोध आर-बी २.० ओहम, आर-वाय १.४ ओहम व वाय-बी १.४ ओहम आहे. नेमप्लेटप्रमाणे मोटारीची आतील जोडणी स्टार आहे. या आकड्यांवरून आर व बी ही वायंडिंग एकसारखी असून बिघाड केवळ वाय वायंडिंगमध्ये असल्याचे दिसते. मोटार दोन फेजवर चालून जळाली असे आपण दूरध्वनीवर म्हणालात. परंतु वाय फेज नसताना मोटार चालली असती तर वाय वायंडिंग शाबूत राहून आर व बी जळाली असती. येथे त्याच्या उलट स्थिती आहे.

ओव्हरलोड रिले नेमप्लेटप्रमाणे १५ अँपिअरवर आहे. दिनांक १२ डिसेंबर, ९ जानेवारी व २० फेब्रुवारी रोजी मी नोंदवलेला करंट १३.५ ते १४ अँपिअर व व्होल्टेज ३८५ ते ४०० व्होल्ट आहे. वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत. केबल ४ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे. दिनांक ८ मार्च रोजी बोअरमधील स्थिर पाणीपातळी २१० फूट होती व पंपाचा शाफ्ट हाताने मोकळा फिरतो.

तरी माझी विनंती आहे की, हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीच्या सेवा प्रतिनिधीमार्फत माझ्या उपस्थितीत मोटार उघडून तपासावी, तपासणीचा लेखी अहवाल द्यावा, आणि दोष वॉरंटीत बसत असल्यास त्यानंतर सात दिवसांत त्याच मॉडेलची नवी मोटार द्यावी. दावा नाकारायचा झाल्यास वॉरंटी कार्डावरील कोणत्या अटीनुसार व कोणत्या निरीक्षणावरून नाकारला, हे लेखी कळवावे. मोटार काढणे व पुन्हा सोडणे यांचा खर्च देण्याबाबतही विचार व्हावा.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता)

सोबत: बिल व वॉरंटी कार्ड यांच्या प्रती, पॅनेल, नेमप्लेट व सीले यांची छायाचित्रे, नोंदवहीच्या प्रती.
प्रत माहितीसाठी: कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र.

या पत्रातल्या काही वाक्यांमागे हेतू आहे. डीलरच्या मिस्त्रीने मोटार सोडली आणि तिच्यात पाणी भरले, हे वाक्य मुद्दाम घातले आहे. पाणी भरून वापरायच्या मोटारीत सोडण्यापूर्वी स्वच्छ पाणी भरले नाही, तर बेअरिंग आणि वायंडिंग दोन्ही धोक्यात येतात, आणि नाकारताना हे कारणही पुढे येऊ शकते. आपल्याकडे गावातल्या माणसाने मोटार सोडली असेल तर तसेच लिहा, आणि पाणी भरल्याचे त्याच्याकडून दोन ओळींत लिहून घेऊन सोबत जोडा.

केबलचा उल्लेख एका वाक्यात आहे, पण त्यामागे हिशेब केलेला आहे. ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ४.६ ओहम असतो. ३४० फूट म्हणजे सुमारे १०४ मीटर, तेव्हा एका तारेचा रोध अर्ध्या ओहमच्या आत येतो आणि १५ अँपिअरला व्होल्टेजची घट साडेबारा व्होल्टच्या आसपास, म्हणजे तीन टक्के होते. ही घट चिंतेची नाही. तिथे अडीच चौरस मिलिमीटरची केबल असती, तर घट वीस व्होल्टपर्यंत गेली असती आणि व्होल्टेज आधीच कमी असलेल्या फीडरवर डीलरला बोलायला जागा मिळाली असती. आपली केबल कोणती आहे ते तिच्यावर छापलेले असते. बिलावर जे लिहिले आहे त्याच्याशी ते पडताळून पाहा.

“तपासून नवी मोटार द्या” या मागणीपेक्षा “नाकारायचे असेल तर कोणत्या अटीने आणि कोणत्या निरीक्षणावरून ते लिहून द्या” ही मागणी मला अधिक महत्त्वाची वाटते. काउंटरवर “लाईट खराब आहे” म्हणणे सोपे असते. तेच कागदावर, सही-शिक्क्यासह, कार्डावरच्या अटीचा क्रमांक घालून लिहायचे म्हटले की मोटार खरोखर उघडून बघावी लागते. सेवा केंद्रात असताना माझ्याकडे लेखी कारण मागणारे पत्र आले की मी ती मोटार अधिक काळजीने तपासत असे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

नुकसानभरपाईची मागणी या पहिल्या पत्रात घालू नये असे माझे मत आहे. मोटार बदलण्याचा निर्णय डीलर आणि सेवा केंद्राच्या पातळीवर होऊ शकतो; बागेच्या नुकसानीची रक्कम पत्रात आली की तेच पत्र वरच्या कार्यालयात जाते आणि तिथे पडून राहते. बाग पाण्यावाचून अडली असेल तर तात्पुरती मोटार भाड्याने घ्या आणि तिची पावती ठेवा. पुढे गरज पडली तर ती पावती उपयोगी पडेल.

पत्र दोन वाटांनी द्यावे. एक प्रत दुकानात हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा, आणि शिक्का द्यायला नकार मिळाला तरी वाद न घालता तेच पत्र पोहोच पावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे. “मोटार आणून टाका, बघू” हे डीलरचे बोलणे इथेच अडचणीत आणते. मोटार नुसती टाकून येऊ नका. जमा पावतीवर मोटार क्रमांक, तारीख आणि “न उघडलेल्या स्थितीत मिळाली” हे शब्द लिहून घ्या. क्रमांकाचे स्टिकर पाण्यात राहून पुसले जाते, म्हणून बॉडीवर ठोकलेला क्रमांक शोधून त्याचाही फोटो ठेवा. बिलावर मोटारीचा क्रमांक लिहिलेला नसेल, तर आजच डीलरकडून तो बिलावर लिहून घ्या. तंटा वाढल्यावर तो लिहून मिळणार नाही.

द्राक्षबागायतदारांच्या प्रकरणात पत्र मिळाल्यावर चौथ्या दिवशी सेवा केंद्राचा फोन आला. मोटार आमच्यासमोर उघडली. वाय फेजच्या एका स्लॉटच्या तोंडाशी बोटभर जागा जळालेली होती आणि आर, बी दोन्ही वायंडिंग स्वच्छ होती. त्यांनी आधी वायंडिंग मोफत करून देण्याची तयारी दाखवली. कार्डावर बहुधा “दुरुस्ती किंवा बदल, कंपनीच्या निर्णयाप्रमाणे” असे लिहिलेले असते, त्यामुळे ही तयारी नियमाला धरून होती. आम्ही म्हटले की दोष वायर भरण्यात आहे, तर त्याच स्टेटरवर पुन्हा विश्वास कसा ठेवावा. दुरुस्तीच करायची असेल तर दुरुस्त मोटारीला दुरुस्तीच्या तारखेपासून नवी वॉरंटी लेखी द्या. ती द्यायला ते तयार नव्हते आणि एकोणिसाव्या दिवशी नवी मोटार मिळाली. काढण्या-सोडण्याचा खर्च मात्र मिळाला नाही. तो बहुतेक कार्डांवर वगळलेलाच असतो, म्हणून त्यासाठी मोटार अडवून धरू नये असे मी त्यांना सांगितले होते.

प्रत्येक प्रकरण असे सुटत नाही. मागच्या वर्षी एका शेतकऱ्यांसाठी मी असेच पत्र लिहायला बसलो आणि पॅनेलचे फोटो मागवले. नेमप्लेटवर १५ अँपिअर, रिले २२ वर, प्रिव्हेंटरच्या तारा काढून थेट जोडलेल्या आणि शेजारी कंडेन्सर. सिंगल फेज लाईट असतानाही मोटार चालावी म्हणून हे केले होते, आणि पिकाला पाणी हवे असताना माणूस असे का करतो हे मला समजते. पण तिन्ही जोड्यांचे रोध घेतल्यावर दोन वायंडिंग गेलेली दिसली. मी त्यांना सांगितले की हे पत्र लिहू नका, रिवायंडिंग करून घ्या. पत्रात लिहिलेली एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून आपणही पत्र लिहिण्याआधी आपल्या पॅनेलचे फोटो शांतपणे पाहा. रिले नेमप्लेटप्रमाणे असेल आणि प्रिव्हेंटर जोडलेला असेल, तर पुढे जा. कंडेन्सर लावलेला असेल तर मोजमापे काय सांगतात ते आधी पाहा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, किंवा कारण न देता नकार आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. अनेकदा कंपनीकडून तिथे उत्तर येते, पण डीलरकडून ते सक्तीने मिळवण्याचा अधिकार हेल्पलाइनला नाही. त्यानंतरचा मार्ग सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण जिथे राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. शेती स्वतःच्या उपजीविकेसाठी करता हे तक्रारीत स्पष्ट लिहावे, म्हणजे खरेदी व्यापारी हेतूची होती हा आक्षेप येत नाही. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून डीलरने मोटार न तपासता परत केली, तर ती तशीच पोत्यात बांधून, क्रमांकाची चिठ्ठी लावून, कोरड्या जागी ठेवा आणि प्रकरण संपेपर्यंत कोणालाही तिचा नट फिरवू देऊ नका.